साडेआठ तासांचं काम, तेरा तासांचा दिवस

जानेवारीतली गोष्ट. संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या भाचीकडे मी सहज गेलो होतो आणि तेवढ्यात नळाला पाणी आलं. सोलापूरकराला याचा अर्थ सांगावा लागत नाही. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. आलं की हातातलं काम टाकून सगळं घर हंड्या-पिंपांच्या मागे लागतं. भाचीच्या सासूबाई मोकळा हंडा घेऊन आतल्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. भाची कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसलेली. तिनं मान न वळवता डावा हात वर केला, पाची बोटं दाखवली. पाच मिनिटं. सासूबाईंनी मान हलवली आणि पाइप स्वतःच टाकीत सोडला. ती पाच मिनिटं पुढे दीड तास चालली. तोवर पाणी भरूनही झालं होतं आणि नळही गेला होता.

मला पाण्यापेक्षा त्या हाताच्या खुणेचं नवल वाटलं. ती आदल्या दिवशी ठरलेली नव्हती. त्या घरात अशी एक मूक भाषाच तयार झालेली दिसली. बोट ओठांवर म्हणजे माइक चालू आहे. अंगठा वर म्हणजे म्यूट आहे, बोला. सहा वर्षांच्या नातवालासुद्धा ती येते. ऑफिसची माणसं या घरात कधी आलेली नाहीत, पण घरानं त्यांची सोय आधीच करून ठेवली आहे.

भाची पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. कंपनीचा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती पुण्यातली खोली सोडून सोलापूरला आली आणि मग परत गेलीच नाही. याबद्दल तिची तक्रार नाही, हे आधी सांगितलं पाहिजे. पुण्यातलं भाडं, तिथली वाहतूक, रविवारी रात्री गाडीत जागा मिळवण्याची धडपड यातून ती सुटली आहे. मूल आजीपाशी वाढतंय. ‘वर्क फ्रॉम होम बंद करा’ असं कुणी म्हटलं तर सगळ्यात आधी तीच भांडायला उठेल. (आमच्या गावात ‘होम’ म्हटलं की आधी सिद्धेश्वराच्या यात्रेचं होम मैदान आठवतं, त्यामुळे हा शब्द सासऱ्यांना बरेच दिवस पचला नव्हता. ‘रोज होम मैदानावर कशाला जातीस?’ असं ते मुद्दाम विचारायचे.)

तरीही ती थकलेली दिसते, आणि कशानं थकते ते तिला सांगता येत नाही. ‘काम फार नाहीये मामा, पण दिवस संपतच नाही,’ असं ती म्हणते. मी आयुष्यभर कॉलेजात समाजशास्त्र शिकवलं. त्यामुळे असं वाक्य कानावर पडलं की ते मोजता येईल का, हा विचार आधी येतो. मी तिला एक दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, एक आठवडा नोंद ठेव. कामाला कधी बसलीस, कधी उठलीस आणि मधल्या वेळात काय झालं, एवढंच.

त्या वहीतला मंगळवार असा आहे. सकाळी नऊ चाळीसला पहिला मेसेज आला आणि तिथून सव्वा वाजेपर्यंत पुण्याच्या टीमबरोबर काम. पाऊण तास जेवण. दोन ते साडेचार पुन्हा काम. साडेचार ते साडेसात मोकळा वेळ. साडेसातला अमेरिकेचा कॉल, कारण तिकडे तेव्हा सकाळचे नऊ वाजतात. नऊ वीसला कॉल संपला. मग जेवणं, मागचं आवरणं, मुलाला झोपवणं. दहा वीसला परत लॅपटॉप, कारण कॉलमध्ये ठरलेलं त्याच रात्री लिहून पाठवायचं असतं. दहा पन्नासला शेवटचा मेसेज.

प्रत्यक्ष कामाचे तास जोडले तर आठ तास पंचवीस मिनिटं होतात. यात पिळवणूक कुठे आहे? कुठलाही साहेब हे बेरजेचं पान दाखवून म्हणेल, नऊ तासांच्या आतच आहे, शिवाय दुपारी तीन तास मोकळे! त्याची बेरीज बरोबरच आहे. आता दुसरी बेरीज करू. पहिल्या मेसेजपासून शेवटच्या मेसेजपर्यंत किती वेळ गेला? नऊ चाळीस ते दहा पन्नास, म्हणजे तेरा तास दहा मिनिटं.

या दोन आकड्यांमधलं अंतर पावणेपाच तासांचं आहे. दिवस संपत नाही म्हणते ती ह्याच पावणेपाच तासांमुळे. त्यातला मोठा तुकडा म्हणजे दुपारचे ‘मोकळे’ तीन तास. त्या तीन तासांत वहीत सहा बारीक खुणा आहेत. सहा वेळा फोन वाजला. चार वेळा तिनं नुसतं पाहिलं आणि दोन वेळा गॅसपाशी उभं राहून उत्तर दिलं. पहिल्या दिवशी तिनं मला फोन करून विचारलं होतं, ‘हे लिहायचं का? दोन ओळींचंच होतं.’ मी म्हटलं, तास लिहू नकोस, नुसती खूण कर. त्या दोन ओळींना एक मिनिटही लागलं नसेल. पण कुठल्याही क्षणी त्या लिहाव्या लागतील, या तयारीत तीनही तास गेले. त्या वेळात ती बाजारात जाऊ शकते, पण मैत्रिणीकडे निवांत बसू शकत नाही. झोपू शकते, पण फोन उशाशी ठेवून. अशा वेळेला काम म्हणता येत नाही आणि विश्रांतीही म्हणता येत नाही. त्याचे पैसे मात्र कुणीच देत नाही.

गंमत म्हणजे हा प्रश्न कायद्याला फार जुन्या काळापासून माहीत आहे. गिरणीच्या काळात मालकाला असं करता यायचं की कामगाराला सकाळी चार तास बोलवायचं, दुपारी घरी पाठवायचं आणि संध्याकाळी परत चार तास. तास आठच, पण माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत गिरणीच्या दावणीला. म्हणून १९४८ च्या कारखाना कायद्यानं दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि तेवढ्यावर न थांबता दुसरीही एक मर्यादा घातली. विश्रांतीच्या सुट्ट्या धरून कामाचा सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत बसला पाहिजे. त्याला कायद्यात ‘स्प्रेड-ओव्हर’ म्हणतात. महाराष्ट्राच्या दुकानं आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यातही मुळात हीच साडेदहा तासांची मर्यादा घेतली होती. तातडीच्या किंवा तुटक स्वरूपाच्या कामासाठी ती बारा तासांपर्यंत ताणता येत होती. भाचीचा मंगळवार बारामध्येही बसत नाही.

मग हा कायदा तिला लागू आहे की नाही? इथे पाणी मुरतं. विश्वासाच्या, व्यवस्थापनाच्या आणि देखरेखीच्या पदावरच्या माणसांना या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलेलं आहे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात पाच-सहा वर्षं झाली की माणसाच्या नावापुढे ‘लीड’ लागतं. भाचीच्याही लागलं आहे. तिच्या हाताखाली दीड माणूस आहे. दीड अशासाठी, की दुसरा अर्धा वेळ दुसऱ्या टीमला देतो. हा हुद्दा पगाराच्या चिठ्ठीत थोडासाच दिसतो, पण कायद्याचं दार लावून घ्यायला पुरेसा होतो. आणि दार उघडं असलं तरी आत जाऊन सांगणार कोण? गिरणीत निरीक्षक फाटकातून आत येऊन हजेरीचं रजिस्टर मागायचा. भाचीच्या आतल्या खोलीत निरीक्षक कसा येणार?

घरात बसून दुसऱ्याचं काम करणं ही सोलापूरला नवी गोष्ट नाही. भाची जिथे लॅपटॉप घेऊन बसते तिथून चार घरं सोडून एक अक्का आहेत. पद्मशाली समाजाच्या, घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठीत. चाळीस वर्षं विड्या वळल्या. पूर्व भागात अशा हजारो बायका आहेत. कुंभारीजवळ विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, तेव्हा ती घरं म्हणजे एका अर्थी दहा हजार कामाच्या जागाही होत्या. पानं आणि तंबाखू कारखान्याच्या शाखेतून घरी आणायची. रात्री पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी कात्रीनं मापात कापायची आणि मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायच्या. हजार विड्या म्हणजे एक दिवस. अक्कांचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि पानं भिजवून रात्री संपायचा. पसारा भाचीपेक्षा कमी नव्हता, मजुरी कितीतरी कमी होती आणि तंबाखूची धूळ सगळ्या घराच्या नाकात जायची. मुलीसुद्धा शाळेतून आल्या की दोरा बांधायला बसायच्या. त्या दिवसांचे गोडवे गायला मी बसलेलो नाही.

पण अक्कांशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. मी विचारलं, तुमचं काम संपायचं कधी? त्यांना प्रश्नच कळला नाही. ‘हजार झाले की संपलं,’ म्हणाल्या. शाखेत माल दिला, कार्डावर नोंद झाली की त्या दिवसाचं देणं फिटलं. रात्री नऊ वाजता कारखानदार दार वाजवून ‘आणखी दोन विड्या वळून ठेवा, अर्जंट आहे’ असं म्हणत नव्हता. घर आणि कारखाना यांच्यामध्ये भिंत नव्हती, पण एक आकडा होता. तो गाठला की माणूस सुटायचा.

आमच्या वडिलांच्या पिढीत गिरणी होती, आणि तिथे आकड्याच्या जागी भोंगा होता. भोंगा वाजला की आत, वाजला की बाहेर. इंग्लंडचे इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६७ मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडलं होतं, की कारखान्यानं माणसाला एका प्रकारच्या वेळेतून दुसऱ्या प्रकारच्या वेळेत आणलं. आधी काम संपेपर्यंत काम असायचं, नंतर घड्याळ सांगेल तोवर काम. सोलापूरला ही दोन्ही चित्रं एकाच गल्लीत दिसायची. नवरा भोंग्यावर जायचा आणि बायको हजारावर. भोंग्यानं घर आणि काम वेगळं केलं असं आपण म्हणतो, पण ते नवऱ्यापुरतंच खरं. पहिल्या पाळीचा डबा भरायला बायको भोंग्याच्या दोन तास आधी उठायची. गिरणीचं घड्याळ तिच्या चुलीपर्यंत आलेलंच होतं. ऑफिस घरात शिरलं म्हणून आज जो हलकल्लोळ चाललाय, त्यात थोडा भाग असाही आहे की ते पहिल्यांदा पुरुषांच्या आणि पगारदारांच्या घरात शिरलं. बायकांच्या घरात ते होतंच.

भाचीकडे आकडाही नाही आणि भोंगाही नाही. तिला पगार महिन्याचा मिळतो, म्हणजे हजाराचा हिशेब नाही. तिच्याकडून काम संपवून घेतलं जातं, म्हणजे घड्याळाचाही हिशेब नाही. दोन्ही पद्धतींतली मालकाच्या सोयीची बाजू तेवढी उचलली आणि कामगाराच्या सोयीची टाकून दिली, असं मला दिसतं. कुणी खलनायकानं बसून हे ठरवलं असेल असं नाही. पुण्याच्या टीमला सकाळी ती हवी असते, अमेरिकेच्या ग्राहकाला संध्याकाळी. दोघांच्याही मागण्या आपापल्या जागी रास्त आहेत. दोघांना एकमेकांची घड्याळं दिसत नाहीत, एवढंच. त्या दोन घड्याळांमधला सांधा म्हणजे तिचा दिवस. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्याबरोबर सोलापुरातल्या या घरात साडेसातचा कॉल साडेसहाला येतो आणि परत साडेसातला जातो. सासूबाईंच्या कुकरच्या शिट्ट्याही त्याबरोबर तासभर मागेपुढे होतात. न्यूयॉर्क कुठे आहे हे त्यांना माहीत नाही, पण तिथली घड्याळं कधी बदलतात हे त्या अचूक सांगतात.

यावर जो उपाय नेहमी सांगितला जातो तो मला पटत नाही. फोन बंद ठेवा, वेगळी खोली करा, ठरलेल्या वेळी लॅपटॉप मिटा, घरच्यांना समजावून सांगा. म्हणजे भोंगा वाजवण्याचं काम कामगारानंच करायचं, आणि वाजवला तर पुढच्या मूल्यमापनात त्याची किंमतही त्यानंच मोजायची. वेगळ्या खोलीचा सल्ला देणाऱ्यानं एकदा पूर्व भागातली घरं बघून यावीत. काही घरांत खाली माग चालतात आणि वर कुटुंब राहतं.

‘राइट टू डिस्कनेक्ट’, म्हणजे कामाची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क, हा त्याहून बरा उपाय आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांना याबद्दल कामगारांशी बोलणी करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. हेतू चांगला आहे, पण भाचीच्या बाबतीत तो नेम चुकवतो. तिचा साडेसातचा कॉल कामाच्या वेळेनंतरचा नाही, ती कामाचीच वेळ आहे. तो ती तोडू शकत नाही आणि तिला तोडायचाही नाही. कामाच्या दिवसाला एकच सुरुवात आणि एकच शेवट असतो असं हा हक्क धरून चालतो. तिच्या दिवसाला दोन सुरुवाती आणि तीन शेवट आहेत. राज्य मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये दुकानं-आस्थापनांतले दिवसाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली, तेव्हाही वाद नऊ की दहा यावरच झाला. भाचीला नवाचे दहा झाले तरी फारसा फरक पडणार नाही. तिला तेराचे साडेदहा हवे आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की तासांपेक्षा पसारा मोजा. पहिल्या मेसेजपासून शेवटच्यापर्यंत. हे मोजायला निरीक्षकाला आतल्या खोलीत यायची गरज नाही, कारण ही नोंद यंत्रात आपोआप होतेच. पडद्यावर नावाशेजारचा हिरवा ठिपका कधी लागला आणि कधी विझला हे कंपनीला मिनिटापर्यंत माहीत असतं. आज ती नोंद कामगार जागेवर आहे का हे बघायला वापरली जाते. तीच नोंद महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर छापा. साडेदहाच्या पुढचा पसारा निघाला तर तो जादा काम समजा, मग मधल्या वेळात माणूस गॅसपाशी उभा असो की गच्चीवर. पैसे द्यावे लागले की कंपनीच विचार करायला लागेल, हिला सकाळी दहालाच बोलवायला हवं का?

‘घरात बसलेल्या माणसावर आमचं नियंत्रण कुठे असतं?’ असं कंपन्या म्हणतील. हा युक्तिवादसुद्धा नवा नाही. विडी कारखानदारांनी तो शब्दशः केला होता. बायका त्यांच्या घरात वळतात, कधी वळतात, कुणाला मदतीला घेतात आम्हाला काय ठाऊक, मग त्या आमच्या कामगार कशा? १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यानं घरी काम करणाऱ्या बायकांनाही कामगार मानलं. पुढे प्रॉव्हिडंट फंडाच्या खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की तयार विड्या नापास करण्याचा हक्क मालकाकडे आहे, हेच पुरेसं नियंत्रण आहे. नियंत्रणाला छप्पर लागत नाही, हे त्या निकालातलं मर्म. अक्कांच्या पिढीला फंड मिळाला तो अशा भांडणातून. त्यांच्या डोक्यावर युनियन होती, मोर्चे होते, आणि शाखेच्या दारात रोज एकमेकींना भेटणाऱ्या शेकडो बायका होत्या. कुणाच्या किती विड्या छाटून टाकल्या हे त्या रांगेतच कळायचं. भाचीच्या टीममधले नऊ जण सहा गावांत आहेत. आपला पसारा तेरा तासांचा आहे हे तिला वही लिहीपर्यंत ठाऊक नव्हतं, मग बाकीच्यांचा तिला कुठून कळणार?

माझ्या उपायातली एक अडचण भाचीनंच काढली. ‘सकाळ सोडून दुपारी एक ते रात्री दहा असं केलं तर मुलाला शाळेतून कोण आणणार? तो दुपारचा वेळ मला हवाच आहे.’ खरं आहे. काही जणांना मधली फट हवी असते आणि तिच्यासाठी ते लांब दिवसही पत्करतात. बायका जास्त पत्करतात, कारण मुलाची शाळा हा आपल्याकडे आईचाच विषय मानला जातो. मी म्हटलं, फट राहू दे, पण ती तुझी असली पाहिजे. त्या वेळात फोन वाजला तर तिथून तास मोजायला लागायचे. यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘मग ते वाजवणार नाहीत.’

वहीतला आठवडा तिनं एका तक्त्यात उतरवून तिच्या मॅनेजरला पाठवला. तो भला माणूस असावा, कारण त्यानं आधी स्वतःचा पसारा मोजून पाहिला आणि तो तिच्यापेक्षाही मोठा निघाला. मंगळवार आणि गुरुवार हे दोन दिवस तिनं साडेबाराला सुरुवात करायची आणि रात्री दहाला थांबायचं, असं सध्या ठरलंय. मुलाला त्या दिवशी सासरे आणतात. पहिले दोन आठवडे सकाळी फोन वाजतच राहिला, कारण पुण्याच्या लोकांना सवय होती. आता त्या दोन दिवशी वाजत नाही. बाकीचे तीन दिवस वहीत आहेत तसेच आहेत.